गेजमध्ये पास, फ्लोमध्ये नापास

मी क्वालिटीचा माणूस आहे. हे मी पाहुण्यांना, शेजाऱ्यांना आणि पुढे पुढे किडनीच्या डॉक्टरांनाही इतक्या वेळा ऐकवलं, की मी ‘मी क्वालिटीचा’ एवढं म्हटलं तरी बायको खिडकीकडे बघू लागायची. निघोजेजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. तिथे बावीस वर्षं मी एकच उद्योग केला. माल हातात घ्यायचा आणि पास की नापास ते सांगायचं. नापास माल लाल ट्रेमध्ये जायचा आणि संध्याकाळच्या आकड्यात धरला जायचा नाही. आकडा नेहमी चांगल्या मालाचाच वर पाठवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत.

बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या घरातही तपासणी नावाचा प्रकार असायला हवा होता. वर्षभर ती पाय सुजतात म्हणत होती आणि मी तिला उभ्यानं स्वयंपाक करू नकोस, बसून भाजी निवड असा तज्ज्ञ सल्ला देत होतो. मग आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. संत तुकाराम नगरातून रिक्षानं जायचं, चार तास सुया टोचून पडायचं आणि परत यायचं. डायलिसिसहून आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि मी चहा करून तो थंड होऊ द्यायचो.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलणं हा चांगला मार्ग, घरात कोण देणार? माझ्या मेहुण्यानं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, फोनवर छाती ठोकून सांगितलं, ‘दाजी, माझी घ्या, आजच घ्या.’ तपासणीची तारीख ठरली तसा त्याचा फोन लागेना. पुढे कळलं की त्याला पाठीचा त्रास आहे. हा त्रास त्याला होताना त्यांच्या बीड जिल्ह्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर मी फार चिडलो, पण खरं सांगायचं तर आतून थोडा खूषही झालो, कारण आता देणारा मीच उरलो होतो. माझा रक्तगट ओ, तिचा बी. ओ वाल्याची किडनी बी वाल्याला चालते. मला वाटलं, काम झालं.

मग एचएलए टायपिंग नावाची तपासणी झाली. दोघांचं रक्त घेतलं आणि पेशींच्या अंगावरच्या खुणा वाचल्या. प्रत्येकाच्या अंगात अशा खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. आमच्या रिपोर्टात मुख्य सहा खुणांपैकी एक जुळली होती. ही बातमी मी चुकून मेहुण्याला सांगितली. पाठीतून अचानक बरा होऊन तो म्हणाला, ‘दाजी, पत्रिकेत बत्तीस गुण जुळले होते की तुमचे! मग हितं एकच कसा?’ त्यानं हे सगळ्या नात्यात पसरवलं. आठवडाभर लोक फोन करून माझ्याशी अशा आवाजात बोलत होते, जणू आमचा घटस्फोट होतोय.

डॉक्टरांनी मात्र मान हलवली. ‘नवराबायकोचं एवढंच जुळतं. ते चालतं, औषधं आहेत. आपल्याला बघायचंय ते वेगळं. तुमच्या खुणांविरुद्ध यांच्या रक्तात आधीच अँटीबॉडी तयार आहेत का. त्याला क्रॉसमॅच म्हणतात.’

क्रॉसमॅचच्या आधी एक बाई फॉर्म भरून घ्यायला आल्या. त्या प्रत्यारोपणाच्या समन्वयक, म्हणजे डॉक्टर आणि आमच्यासारखे लोक यांच्या मधल्या. त्यांनी बायकोकडे बघून विचारलं, ‘किती वेळा दिवस राहिले होते?’

मी म्हणालो, ‘दोन. एक मुलगी, एक मुलगा.’

‘कधी रक्त चढवलं होतं?’

‘नाही,’ मी म्हणालो.

बाईंनी बायकोकडे पुन्हा पाहिलं. बायको पिशवीतली पाण्याची बाटली शोधत होती. बाईंनी लिहून घेतलं. बँकेत, रेशनला, शाळेत, दवाखान्यात, आमच्या घरातलं उत्तर मीच देत आलोय. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

क्रॉसमॅचची पहिली चाचणी सीडीसी नावाची. प्रयोगशाळेतल्या बाई मोठ्या हौशी होत्या. मी क्वालिटीचा आहे म्हटल्यावर त्यांनी मला हातचं न राखता समजावलं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. बारीक बारीक खळगे असलेल्या तबकडीत त्या टाकायच्या, वर बायकोच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. मग त्यात सशाचं कॉम्प्लिमेंट घालायचं.

‘सशाचं?’

‘सशाच्या रक्तातून येतं. तुमच्या मिसेसच्या अँटीबॉडी तुमच्या पेशीवर बसल्या, तर हे कॉम्प्लिमेंट त्या पेशीला भोकं पाडतं. पेशी मरते. मेलेल्या पेशीत रंग शिरतो. मग आम्ही मायक्रोस्कोपखाली बसून मेलेल्या मोजतो.’

मला ही चाचणी फार आवडली. आमच्याकडे भोक तपासायला एक गेज असतं, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. डोकं चालवायचं नाही, वाद घालायचा नाही. पेशी मेली की नापास, जगली की पास. चार दिवसांनी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. माझ्या पेशी तिच्या रक्तात ठणठणीत राहिल्या होत्या. मी अर्धा किलो पेढे घेतले आणि दुसऱ्या शिफ्टला वाटले. लाइनवरच्या पोरांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. ‘राव, तुमची किडनी एक्स्पोर्ट क्वालिटी!’ मी घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘बघ, तुझ्या रक्तानं मला स्वीकारलं.’ ती म्हणाली, ‘बरं झालं बाई, उशिरा का होईना.’

डॉक्टरांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, ‘फ्लो येऊ द्या.’

फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्रीचं क्रॉसमॅच. त्याचं रक्त आधीच देऊन झालं होतं, पण मी म्हणून पाहिलं, की पहिली चाचणी पास आहे तर दुसरी कशाला? डॉक्टर नुसते हसले. आमच्याकडेही ऑडिटर असाच हसतो आणि मग फाइल उघडतो.

फ्लोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. टी आणि बी, पांढऱ्या पेशींच्या दोन्ही जातींवर.

मी कागद दोनदा वाचला. मग मी जे केलं ते क्वालिटीतला कुठलाही माणूस करतो. मशीनवर संशय घेतला. प्रयोगशाळेत जाऊन त्या हौशी बाईंना विचारलं, ‘कॅलिब्रेशन कधी झालंय याचं?’ त्यांनी न रागावता मला रोजच्या तपासणीचं रजिस्टर दाखवलं. तसलं रजिस्टर आमच्याकडे ऑडिटच्या आदल्या दिवशी एका बैठकीत, तीन रंगांच्या पेनांनी भरतात. त्यांचं खरं वाटत होतं. मग त्यांनी फ्लो समजावलं. तसंच सीरम, तशाच माझ्या पेशी. पण इथं ससा नाही आणि कुणाला मारायचं नाही. माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारा चमकणारा रंग घालायचा, टी आणि बी ओळखायला आणखी दोन रंग घालायचे आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. जेवढी अँटीबॉडी अंगावर बसली असेल तेवढी पेशी जास्त चमकते. चमक ठरलेल्या मर्यादेपलीकडे सरकली की पॉझिटिव्ह.

‘पण पेशी मेली नाही ना?’ मी म्हणालो.

‘आम्ही मेली का ते बघतच नाही, सर. अंगावर कोण बसलंय ते बघतो.’

मी तणतणत डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यात माझी पुरती शोभा झाली.

‘डॉक्टरसाहेब, दोन इन्स्ट्रुमेंट, दोन रीडिंग. मग खरं कुठलं धरायचं?’

‘दोन्ही खरी आहेत. सीडीसीला अँटीबॉडी भरपूर लागते, आणि ती कॉम्प्लिमेंटला बोलावणाऱ्या जातीची लागते. थोडी असली किंवा दुसऱ्या जातीची असली, तर पेशी मरत नाही आणि आम्हाला दिसत नाही. फ्लोला थोडीही दिसते.’

‘थोडीच आहे ना? मग डेव्हिएशनवर घ्या.’ डेव्हिएशन म्हणजे, माल मापात नाही हे माहीत आहे, तरी यावेळी सही करून सोडतो. बावीस वर्षांत मी अशा सह्या किती केल्यात ते मलाच माहीत.

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘तुमच्याकडे साध्या गेजमध्ये पास झालेला पार्ट मोठ्या मशीनवर नापास झाला तर काय करता?’

‘महिनाअखेर असेल तर पाठवतो,’ मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

‘आणि परत आला तर?’

‘बदलून देतो.’

बायको शेजारीच बसली होती. ती टेबलावरच्या प्लास्टिकच्या किडनीकडे बघत होती. माझे कान तापले.

एवढं होऊनही मी थांबलो नाही. ओळखीतून एक चिठ्ठी मिळवली आणि डायलिसिस नसलेल्या दिवशी तिला कॅबमध्ये घालून पुण्यातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत नेलं. पुन्हा सीडीसी करून घेतलं. ती अशक्त होती, वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. तिथलाही रिपोर्ट निगेटिव्ह. आता दोन विरुद्ध एक! मी तो कागद डॉक्टरांसमोर असा ठेवला, जणू सोसायटीच्या निवडणुकीत माझं पॅनेल आलंय.

‘दहा ठिकाणी करा,’ ते म्हणाले, ‘दहाही ठिकाणी निगेटिव्ह येईल. त्या चाचणीला जे विचारता येतं तेवढंच ती सांगणार. ही अँटीबॉडी आज थोडी आहे. तुमची किडनी आत गेली की यांचं शरीर जुनी ओळख काढेल आणि ती वाढवेल. मग किडनी गेली तर तुमचीही गेली, यांचीही गेली.’

मग त्यांनी आणखी एक तपासणी केली. त्यात मणी असतात, एकेका मण्यावर एकेकच खूण. तिच्या सीरममधल्या अँटीबॉडी नेमक्या कुठल्या मण्याला चिकटतात ते पाहतात. त्या चिकटल्या माझ्या एका खुणेला. माझ्या बापाकडून आलेल्या. एवढ्या मोठ्या जगात तिच्या रक्तानं वैर धरलं ते माझ्याशीच.

मुलगी एकवीस वर्षांची. ती मला न सांगता समन्वयक बाईंना भेटून आली होती. म्हणाली, ‘पप्पा, माझी बघा.’ तिचं टायपिंग झालं. अर्धा संच आईचा, अर्धा माझा, आणि माझ्या अर्ध्यात नेमकी तीच खूण. ती बाद झाली याचा मला इतका आनंद झाला की मला स्वतःची लाज वाटली. मुलगा सतरा वर्षांचा, त्याला कायद्यानंच कुणी विचारणार नव्हतं.

‘ही अँटीबॉडी आली कुठून?’ मी डॉक्टरांना विचारलं. ‘मी तर तिला कधी साधी सुईसुद्धा टोचली नाही.’

डॉक्टर बायकोकडे वळले. ‘ताई, पोटातल्या बाळात निम्म्या खुणा बापाच्या असतात. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्या खुणा ओळखायला शिकतं. बाहेरचं रक्त चढवलं तरी अँटीबॉडी होऊ शकतात. म्हणून पुन्हा विचारतो. किती वेळा दिवस राहिले होते?’

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त तळहात दाखवला.

‘चार येळा,’ बायको म्हणाली. ‘पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. मग पोरगी झाली. मग एक सातव्या महिन्यात गेलं, माहेरी. तवा रगत लई गेलं, दोन बाटल्या चढवल्या. मग पोरगं.’

डॉक्टरांनी फॉर्म मागवला आणि दोनचा आकडा खोडून चार केला. मी विचारलं, चारपैकी कुठल्या वेळेला हे झालं? ते म्हणाले, ‘सांगता येत नाही. प्रत्येक वेळी थोडी भर पडते.’

मला ते दोन्ही प्रसंग माहीत होते. विसरलो होतो असंही नाही. सातव्या महिन्याचं झालं तेव्हा आमच्याकडे नवी लाइन सुरू होत होती. मेहुण्याचा फोन आला, ‘बाळ गेलं, ताई ठीक आहे.’ मी म्हणालो, ‘ती ठीक आहे ना, बास,’ आणि ओव्हरटाइमला थांबलो. रक्त चढवल्याचं मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिन्याभरानं ती परत आली, तेव्हा मी तिला स्टेशनवरून आणलं आणि वाटेत नव्या मशीनची गोष्ट सांगितली. फॉर्म भरताना मी दोन म्हणालो ते लपवायला नव्हे. माझ्या हिशेबात ती बाळं धरलीच नव्हती.

घरी येताना रिक्षात मी म्हणालो, ‘तू त्या दिवशी फॉर्मच्या वेळी बोलली का नाहीस?’

‘तुमी बोललात की.’

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. रक्तातल्या अँटीबॉडी मशीननं काढायच्या, वर जबर औषधं द्यायची आणि मग माझीच किडनी बसवायची. होतं तसं, पण जोखीम मोठी. दुसरी वाट अदलाबदलीची, म्हणजे आमच्यासारख्याच अडलेल्या दुसऱ्या जोडीशी किडन्या बदलून घ्यायच्या. मी पहिलीसाठी हट्ट धरला. किडनी माझी, बायको माझी, मध्ये परके लोक कशाला? बायकोनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमचं चार येळा वागवलं या अंगानं. पाचव्यांदा नको म्हणतंय, तर ऐका की जरा.’ मी अदलाबदलीच्या फॉर्मवर सही केली.

अदलाबदलीसाठी जोडी वाकडची निघाली. पस्तिशीचा, आयटीतला मुलगा, रक्तगट ए. त्याची आई द्यायला तयार, पण तिचा गट बी. माझा ओ त्याला चालत होता, आईचा बी माझ्या बायकोला. आईच्या अंगावर माझी ती बदनाम खूण नव्हती. दोन्ही जोड्यांची सीडीसी झाली, फ्लोही झाला. यावेळी सीडीसी निगेटिव्ह आली तेव्हा मी पेढे आणले नाहीत. फ्लो निगेटिव्ह आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनीच मला खुर्ची दिली. परवानगीच्या समितीपुढे एका साहेबांनी विचारलं, ‘स्वतःच्या पत्नीला सोडून दुसऱ्याला का देता?’ मी म्हणालो, ‘साहेब, तिला मी चालत नाही.’ समितीतल्या बाई पहिल्या हसल्या.

चारही ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. माझी किडनी वाकडच्या मुलाच्या पोटात गेली आणि त्याच्या आईची माझ्या बायकोच्या. तिसऱ्या दिवशी मला कमरेला हात लावत चालू दिलं. बायको काचेपलीकडच्या खोलीत होती, जंतू लागू नयेत म्हणून. तिच्या पिशवीत लघवी भरत होती. नर्स ती मोजून लिहीत होती आणि मला आतून अंगठा दाखवत होती. मी मोबाइल लावला. काचेआड तिनं उचलला.

तब्येतीचं झालं. मुलांचं झालं. माझ्या मेहुण्याची पाठ कशी आहे तेही तिनं विचारलं. गेले कित्येक आठवडे माझ्या जिभेवर येऊन परत जाणारा प्रश्न होता. तो विचारायला मला अठरा-एकोणीस वर्षं, दोन प्रयोगशाळा आणि एक किडनी लागली.

‘सातव्या महिन्यातलं... मुलगा होता का मुलगी?’

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिच्या मास्कवरचे डोळे माझ्याकडे होते. मला वाटलं ती आता फोन ठेवेल.

‘मुलगी,’ ती म्हणाली. ‘लई केस होते तिला. कपाळावर असे पुढं आलेले. तुमच्यासारखे.’